पाळी आलीच नाही, रक्तही वाढत नाही: गव्हावर संशय केव्हा घ्यायचा आणि पुढे काय करायचं

"ताई, हिच्याबरोबरच्या सगळ्या मुली कधीच्या न्हात्याधुत्या झाल्या. हिचंच काही कळत नाही." जळगाव जिल्ह्यातल्या एका गावातून आलेली आई मला असं म्हणाली, तेव्हा मुलगी तिच्या शेजारी मान खाली घालून बसली होती. वय सोळा वर्षं आठ महिने, उंची १४४ सेंटिमीटर, वजन ३३ किलो. पाळी एकदाही आली नव्हती. हिमोग्लोबिन ७.८ होतं आणि वर्षभर लोहाच्या गोळ्या नेमाने घेऊनही ते हललं नव्हतं. मी आहारतज्ज्ञ आहे. तिला माझ्याकडे पाठवलं होतं ते "पौष्टिक खायला सांगा" एवढ्यासाठी.

घरचं जेवण चांगलं होतं. दूध, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, दोन्ही वेळेला पोळ्या. प्रश्न ताटातल्या अन्नाचा नव्हता, पोटात गेलेलं अंगी लागत नव्हतं. तिला सीलिॲक आजार होता. ज्यांच्या घरी अशी मुलगी आहे, किंवा ज्या बाईची आधी नियमित येणारी पाळी बंद पडली आहे आणि रक्तही वाढत नाही, त्यांनी कशानंतर काय करायचं ते या मुलीच्या निमित्ताने सांगते.

आधी नेमकं काय बिघडतं ते समजून घ्या

सीलिॲकला लोक गव्हाची ॲलर्जी म्हणतात, पण हा प्रकार वेगळा आहे. गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. काही माणसांमध्ये ते पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, डॉक्टर त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नातलं सत्त्व शोषायचं काम त्यांच्यामार्फत होतं. हे उंचवटे झिजून सपाट झाले की लोह, फॉलिक ॲसिड, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि स्निग्ध पदार्थ पुरेसे आत जात नाहीत. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि सर्वांत जास्त नुकसानही तिथेच होतं. म्हणून बऱ्याच जणींत पहिली आणि कधीकधी एकमेव खूण म्हणजे गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय.

याचा पाळीशी संबंध असा. शरीराला मिळणारी ऊर्जा कमी पडायला लागली की ते खर्चाला कात्री लावतं, आणि गर्भधारणेची तयारी हा त्यातला टाळता येण्याजोगा खर्च. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग ठरावीक अंतराने जे संदेश सोडतो ते मंदावतात. मग पिट्युटरी ग्रंथीतून येणारी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं कमी पडतात, अंडाशयाला काम करायचा निरोपच मिळत नाही आणि इस्ट्रोजेन तयार होत नाही. अंडाशय शाबूत असतं, त्याला कोणी उठवत नाही एवढंच. त्यामुळे पाळीचं हे बंद पडणं बऱ्याचदा पूर्ववत होतं. मात्र सीलिॲक असलेल्या पुष्कळ बायकांची पाळी अगदी नियमित असते, आणि पाळी लांबणाऱ्या बायकांपैकी थोड्याच जणींना सीलिॲक असतो. म्हणून पहिल्याच दिवशी गव्हाला दोष देऊन मोकळं होऊ नका.

पहिली पायरी: खरंच उशीर झाला आहे का, आणि गव्हाचा संशय घ्यायला कारण आहे का

पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नसेल, किंवा छातीची वाढ सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरूच झाली नसेल तर पंधरापर्यंत थांबूही नका. आधी नियमित असलेली पाळी तीन महिने आली नाही, किंवा मुळात अनियमित असलेली सहा महिने आली नाही, तरी तपासणी हवी. लग्न झालेलं असो वा नसो, गर्भधारणेची शक्यता असेल तर सगळ्यांत आधी लघवीची चाचणी करा.

एक गोष्ट तातडीची आहे. पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात, असं मुलगी सांगत असेल तर पाळीचं रक्त आत साचत असू शकतं, कारण बाहेर पडायची वाट जन्मतः बंद असते. तो विषय आतड्याचा नाही. लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

संशय वाढवणाऱ्या गोष्टी अशा: गोळ्या घेऊनही न वाढणारं रक्त, घरातल्या इतरांच्या मानाने खुंटलेली उंची, वरचेवर तोंड येणं, पोट फुगणं, सतत थकवा, घरात कोणाला सीलिॲक, लहानपणापासूनचा मधुमेह किंवा थायरॉइडचा आजार असणं. जुलाब असलेच पाहिजेत असं नाही. या मुलीला उलट बद्धकोष्ठ होतं, म्हणूनच दोन-तीन वर्षं कोणाचं लक्ष पोटाकडे गेलं नाही.

दुसरी पायरी: तपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नका

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. कोणीतरी सांगतं, "गहू सोडून बघ, बरं वाटेल." मुलगी गहू सोडते, महिन्याभरात पोट हलकं वाटतं, मग कोणीतरी तपासणी करायला सांगतं आणि ती नॉर्मल येते. रक्ततपासणीत आपण ग्लूटेनमुळे तयार झालेली प्रतिपिंडं शोधत असतो. ग्लूटेन थांबलं की ती हळूहळू कमी होतात आणि आतडंही सुधारायला लागतं. मग आजार आहे की नाही हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही, आणि जन्मभराचं पथ्य अंदाजावर पाळायला कोणी तयार होत नाही.

म्हणून तपासणीआधी निदान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत गहू पोटात जायला हवा. आधीच सोडला असेल तर तो पुन्हा कसा सुरू करायचा हे डॉक्टरांना विचारून ठरवा. खूप अशक्तपणा असेल किंवा गहू खाताच जोरात त्रास होत असेल तर ते वेगळा मार्ग सुचवतील.

तिसरी पायरी: तपासण्या आणि त्यांचा अर्थ

आतड्यासाठी मुख्य रक्ततपासणी म्हणजे टीटीजी-आयजीए. तिच्याबरोबर एकूण आयजीए मोजायला आठवणीने सांगा. काही माणसांच्या शरीरात आयजीए या प्रकारची प्रतिपिंडं मुळातच तयार होत नाहीत, आणि सीलिॲकच्या रुग्णांत हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. अशांची टीटीजी-आयजीए तपासणी आजार असूनही निर्दोष दिसते. एकूण आयजीए कमी निघालं तर आयजीजी प्रकारची तपासणी करावी लागते.

तपासणी सकारात्मक आली की पोटविकारतज्ज्ञ दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले पाच-सहा बारीक तुकडे काढतात. एकाच तुकड्यावर भागत नाही, कारण आतडं सगळीकडे सारखं खराब झालेलं नसतं. काही देशांत लहान मुलांमध्ये आकडा फार वर असेल तर दुर्बीण टाळतात. पण आपल्याकडे आतड्याचा क्षय, जिआर्डियासारखे परजीवी जंतू आणि ट्रॉपिकल स्प्रू हा उष्ण प्रदेशातला आतड्याचा विकार यांमुळेही आतडं असंच झिजलेलं दिसू शकतं. म्हणून "दुर्बीण नको" हा निर्णय घरी बसून घेऊ नये.

पाळीसाठी एफएसएच, एलएच, इस्ट्राडायॉल, प्रोलॅक्टिन आणि टीएसएच, सोबत पोटाची सोनोग्राफी. वयात न आलेल्या मुलीच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात, त्यावरून हाडांचं वय कळतं. या सगळ्यात एफएसएचकडे नीट बघा. तो कमी किंवा साधारण असेल आणि इस्ट्रोजेनही कमी असेल, तर अंडाशय झोपलेलं आहे, ऊर्जा मिळाली की जागं होईल अशी आशा धरता येते. एफएसएच खूप वाढलेला असेल तर मात्र अंडाशयच काम करत नाही. मग नुसतं गहू सोडून पाळी येणार नाही. ठेंगणी मुलगी, पाळी नाही आणि एफएसएच वाढलेला, असं असेल तर टर्नर सिंड्रोम या जन्मजात गुणसूत्रदोषासाठी गुणसूत्रांची तपासणी व्हायलाच हवी. टर्नर असलेल्या मुलींमध्ये सीलिॲकही जास्त आढळतो. एक आजार सापडला म्हणून दुसऱ्याचा शोध थांबला, असं होता कामा नये.

आमच्या मुलीचं टीटीजी वरच्या मर्यादेच्या दहापटीहून जास्त होतं, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा फक्त ४, एफएसएच २.४, एलएच ०.७. गुणसूत्रं नॉर्मल निघाली. हाडांचं वय साधारण तेरा वर्षांचं. ते वाचून मला धीर आला. तेराच्या वयाची हाडं म्हणजे वाढायला अजून वाव होता.

याआधी एका ठिकाणी तिला पाळी आणायच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. बऱ्याच मुलींच्या बाबतीत पीसीओडी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या सुरू होतात, दर महिन्याला रक्तस्राव होतो आणि घरचे निर्धास्त होतात. तो रक्तस्राव गोळ्या थांबवल्यामुळे होतो, अंडाशय कामाला लागल्याची ती खूण नव्हे. या गोळ्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. इस्ट्रोजेन फार काळ कमी राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, आणि अशा वेळी डॉक्टर विचारपूर्वक हार्मोन देतात. पण कारण शोधण्याआधी गोळ्या सुरू झाल्या तर आजार झाकला जातो आणि वर्षं वाया जातात.

चौथी पायरी: स्वयंपाकघर

निदान पक्कं झालं की पथ्य आजन्म, आणि ते पूर्ण पाळायचं. "थोडीशी पोळी चालेल" ही सवलत नाही. गहू म्हणजे पोळी, पाव, बिस्किटं, मैदा, रवा, शेवया, लापशी आणि कुरडयासुद्धा. जव असलेली माल्टची पावडर दुधात घालायची नाही. ओट्समध्ये बहुतेक वेळा गहू मिसळलेला असतो, म्हणून निदान सुरुवातीला तेही नको.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, पोहे, सगळ्या डाळी, या कशातच ग्लूटेन नाही. मी त्या आईला म्हटलं, "उपवासाच्या दिवशी तुम्ही जे करता ते हिला चालतं, आणि उकडीचे मोदकही." तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. तोवर तिला वाटत होतं की परदेशी डब्यातलं महागडं खाणं आणावं लागणार.

चोरवाटा मात्र माहीत हव्यात. बाजारातलं पुष्कळसं हिंग गव्हाच्या पिठात नाहीतर मैद्यात बांधलेलं असतं. तांदळाच्या पिठातलंही मिळतं, डबीवरचे घटक वाचा. मेतकुटात बहुतेक घरी थोडे गहू भाजून घालतात. थालिपिठाच्या भाजणीत आणि सातूच्या पिठात गहू असतो. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा. प्रसाद नाकारणं मुलीला अवघड जातं, म्हणून मोठ्यांनीच आधी सांगून ठेवावं आणि तिच्या हातावर केळं किंवा खडीसाखर ठेवावी. पाकिटावर "ग्लूटेन फ्री" लिहिलं असेल तर भारतातल्या नियमाप्रमाणे त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये.

लाकडी पोळपाट-लाटणं, चाळणी आणि परात तिच्यासाठी वेगळी ठेवा. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळू नका. कणीक मळायच्या आधी तिची भाकरी करून घ्या, कारण पीठ हवेत उडतं आणि हाताला राहतं.

पहिले काही महिने दुधाने पोट फुगू शकतं, कारण झिजलेल्या आतड्याला दुधातली साखर पचत नाही. दही-ताक चालतं का बघा. आतडं सुधारलं की दूध बऱ्याचदा पुन्हा सोसतं. लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचे डोस रक्त तपासून डॉक्टर ठरवतील. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या.

आणि पोट भरतंय ना हे बघा. पोळी गेली आणि तिच्या जागी अर्धी भाकरी आली, तर ग्लूटेन थांबलं तरी ऊर्जेचा तुटवडा तसाच राहतो आणि पाळी येत नाही. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या, वर तूप, मधल्या वेळी शेंगदाण्याचा लाडू, एवढं तरी हवं.

पाचवी पायरी: अडकलं तर गिरणीत बघा

तीन महिन्यांत मुलीचं हिमोग्लोबिन १०.४ झालं, वजन ३६ किलो. सगळे खूश. पुढच्या तीन महिन्यांत मात्र गाडी अडली. हिमोग्लोबिन १०.६, वजन अर्धा किलोच वाढलेलं, पोट पुन्हा फुगायला लागलेलं, आणि सहा महिन्यांनी केलेलं टीटीजी जेमतेम उतरलेलं. आई रडवेली झाली होती. "ताई, शपथेवर सांगते, एक घास पोळीचा दिलेला नाही." ती खरंच सांगत होती.

मी तिला सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय काय होतं ते क्रमाने सांगायला लावलं. ज्वारी घरची होती, निवडलेली होती. दळण गावातल्या गिरणीतून यायचं. त्या गिरणीत दिवसभर गहू दळला जायचा आणि त्याच जात्यात मागोमाग हिची ज्वारी पडायची. आधीचं पीठ दगडांमध्ये आणि पिशवीत राहतं. प्रत्येक भाकरीत थोडा गहू होता. "आधी थोडे तांदूळ फिरवून घ्या, मग आमचं दळा" असं गिरणीवाल्याला सांगून भागत नाही, कारण सगळे कोपरे त्याने साफ होत नाहीत.

त्यांनी हप्त्याने छोटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच न घालायचं ठरवलं. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी ज्वारी किंवा तांदूळ निवडून, धुऊन, वाळवून मिक्सरमध्ये दळावेत. पीठ थोडं जाडसर होतं, पण उकड काढली की भाकरी थापता येते. घरात जुनं जातं असेल आणि त्यावर गहू दळत नसतील तर उत्तमच. निवडणं मात्र चुकवू नका, ज्वारीतही गव्हाचे दाणे सापडतात.

पथ्य खरंच चोख असूनही सहा महिने ते वर्षभरात आकडे उतरत नसतील, तर डॉक्टरांकडे परत जा. निदान चुकलेलं असू शकतं, थायरॉइडसारखा दुसरा आजार सोबत असू शकतो.

सहावी पायरी: पाळी येईपर्यंत काय नोंदवायचं

रक्त आधी वाढतं, मग वजन, मग उंची, आणि पाळी सगळ्यांत शेवटी. यात महिने जातात. दर महिन्याला वजन आणि दर तीन महिन्यांनी उंची एका वहीत लिहा. पाळी नसलेल्या मुलीला अंगावरून पांढरं जायला लागलं, छातीची वाढ पुढे सरकली, तर ती इस्ट्रोजेन वाढत असल्याची खूण. पांढऱ्याला वास येत नसेल आणि खाज नसेल तर घाबरून औषध द्यायचं कारण नाही. या मुलीला नवव्या महिन्यात ते सुरू झालं, तेव्हा वजन ४० किलो होतं. तेराव्या महिन्यात पहिली पाळी आली. दुसरी सात आठवड्यांनी आली आणि आईने घाबरून फोन केला. सुरुवातीची वर्ष-दोन वर्षं एवढं मागेपुढे होणं स्वाभाविक आहे.

पाळी बंद पडलेल्या विवाहित बाईने एक लक्षात ठेवावं. पाळी परत येण्याच्या दोन आठवडे आधी बीज सुटतं, म्हणजे पाळी दिसण्याआधीच दिवस राहू शकतात. रक्त आणि फॉलिक ॲसिड भरून येईपर्यंत मूल नको असेल तर गर्भनिरोधनाची व्यवस्था पथ्याबरोबरच सुरू करा. पाळी फार काळ बंद होती तर हाडांची घनता तपासणारी डेक्सा तपासणी करावी का, हेही डॉक्टरांना विचारा.

आई-वडील आणि सख्खी भावंडं यांची टीटीजी तपासणी करून घ्यायची, त्यांना काही त्रास नसला तरी. या घरात धाकट्या भावाची तपासणी नॉर्मल आली. आईची मात्र सकारात्मक आली. तीन बाळंतपणांनंतर आपलं रक्त कधीच नऊच्या वर गेलं नाही, हे तिने तोवर कोणाला सांगितलंच नव्हतं. आता घरघंटीवर दोघींचं दळण होतं.